खोबणी कशासाठी होती?

हातबॉम्बचं चित्र काढायला सांगितलं, तर बहुतेक जण अननसासारखा लंबगोल काढतील. त्यावर आडव्या-उभ्या खोबणींचे चौकोन, वर एक कडी आणि बाजूने खाली आलेली पट्टी. हा चेहरा जगाला पाठ झाला तो मुख्यतः एका इंग्रजी बॉम्बमुळे, 1915 मधल्या ‘मिल्स बॉम्ब’मुळे. ते चौकोन कशासाठी, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं येतं: स्फोट झाल्यावर लोखंड त्या रेषांवर फुटावं आणि सारखे तुकडे उडावेत म्हणून. उत्तर पटण्यासारखं आहे, पण चुकीचं आहे.

ते का चुकीचं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. ‘ग्रेनेड’ हा फ्रेंच शब्द मूळचा डाळिंबाचा. सतराव्या शतकातला हातबॉम्ब तसाच होता: मुठीत जेमतेम मावणारा ओतीव लोखंडाचा पोकळ गोळा, आत काळी दारू, भोकात लाकडी बूच आणि बुचातून बाहेर आलेली वात. 1667 मध्ये चौदाव्या लुईच्या फौजेत हे गोळे फेकण्यासाठी खास माणसं निवडली गेली. ती उंच आणि दणकट असत, कारण लोखंडाचा गोळा लांब फेकायचा तर खांद्यात जोर हवा. त्यांना ‘ग्रेनेडियर’ म्हणू लागले.

त्या ग्रेनेडियरचं काम डोळ्यांसमोर आणून पाहा. बंदूक पाठीला अडकवलेली, एका हातात धुमसता काकडा, दुसऱ्या हातात गोळा. काकडा वातीला लावायचा, वात नीट पेटली का ते पाहायचं आणि मग फेकायचं. लवकर फेकला तर समोरचा उचलून परत फेकणार, आणि उशीर झाला तर प्रश्नच मिटला. वात किती वेळ जळेल याचा भरवसा नव्हता, पावसात तर ती पेटतच नसे. शिवाय काळी दारू खरं तर स्फोटत नाही, ती भराभर जळते. आत दाब वाढत जातो आणि भांडं जिथे सगळ्यांत कच्चं असेल तिथे तडकतं. त्यामुळे गोळा फुटला तरी त्याची मोजकीच मोठी ढेपळं होत. अठराव्या शतकात उघड्या मैदानावरून हातबॉम्ब जवळजवळ हद्दपार झाला आणि किल्ल्यांच्या वेढ्यांत, जहाजांवर तेवढा टिकला. ग्रेनेडियर हे नाव मात्र मानाचं म्हणून राहिलं.

वातीचा त्रास टाळायला लोकांनी दुसरी वाट धरून पाहिली: बॉम्ब आपटला की फुटावा. अमेरिकी यादवी युद्धातला केचम बॉम्ब असाच होता. त्याला बाणासारखी पुठ्ठ्याची शेपटी होती, कारण फुटायचं तर त्याने नेमकं नाकावरच पडायला हवं. 1863 मध्ये पोर्ट हडसनच्या वेढ्यात आतल्या सैनिकांनी घोंगड्या ताणून धरल्या, हे बॉम्ब अलगद झेलले आणि परत भिरकावले. ब्रिटिशांचा 1908 चा लांब दांड्याचा बॉम्बही आपटूनच फुटणारा. पहिल्या महायुद्धात अरुंद खंदकात सैनिकाने फेकण्यासाठी हात मागे नेला की बॉम्ब मागच्या भिंतीवर आपटायची भीती. पहिल्या हिवाळ्यात तर पुरेसे बॉम्बच नव्हते. सैनिक मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत खिळे आणि दारू भरून काम भागवत होते. अडीचशे वर्षांत गाडी फिरून पुन्हा काकड्यावर आली होती.

यातून सुटका केली बर्मिंगहॅमचे कारखानदार विल्यम मिल्स यांनी. मूळ कल्पना बेल्जियन कप्तान रोलां यांची, आणि त्यावरून पुढे कोर्टबाजीही झाली. पण सैनिकांच्या हाती पडला तो मिल्स यांचा बॉम्ब. त्याची खरी करामत बाजूच्या पट्टीत होती. आत ताणलेली स्प्रिंग, तिला अडवून धरणारी पट्टी आणि पट्टीला अडवून धरणारी पिन. पिन काढली तरी मुठीने पट्टी दाबून धरली आहे तोवर काहीच होत नाही. हात सुटला की पट्टी उडते, स्प्रिंग सुटते आणि आतली वात आपोआप पेटते. म्हणजे घड्याळ फेकण्याच्या क्षणी सुरू होतं, आधी नाही. काकडा नको, नाकावर पडायची अट नको. (पिन दातांनी ओढायची हौस सिनेमावाल्यांची. खऱ्या पिनेची टोकं फाकवलेली असतात, दातांचंच नुकसान व्हायचं.)

आता खोबणी. मिल्स यांच्याच टिपणांवरून दिसतं की त्या पकडीसाठी होत्या: चिखलाने माखलेल्या हातातून गोळा निसटू नये म्हणून. आणि फुटताना त्यांचा उपयोगही होत नसे. काळी दारू भांडं तडकवते, तर विसाव्या शतकातलं तीव्र स्फोटक ते क्षणार्धात चुरडतं. लोखंडाला बाहेरच्या रेषा शोधायला सवडच मिळत नाही. वेचून पाहिलेल्या तुकड्यांत एकीकडे भुगा असे, तर दुसरीकडे मोठी ढेपळं, त्यात तळाचं जाड बूच. भुगा चार पावलांवर थंडावे. ढेपळं मात्र शंभर मीटरपर्यंत धोकादायक ठरत, आणि माणूस बॉम्ब फेकतो पंचवीस-तीस मीटर. म्हणजे फेकणाऱ्यानेही आडोशाला डोकं घालावं हे आलंच. पुढे धावत हल्ला करणाऱ्याला आडोसा कुठला? म्हणून जर्मनांचा दांड्याचा बॉम्ब पातळ पत्र्याचा होता. तो तुकड्यांपेक्षा धक्क्यावर भर देई. बचावाच्या वेळी तुकडे हवे असतील, तर दुसऱ्या महायुद्धात त्यावर लोखंडी कडं चढवायची सोय झाली.

तुकड्यांचा प्रश्न सुटला तो खोबणी बाहेरून आत गेल्यावर. 1950 च्या दशकातला अमेरिकी एम-26 बाहेरून लिंबासारखा गुळगुळीत होता. पातळ पत्र्याच्या आत ठरावीक अंतरावर खाचा पाडलेली पोलादी तार गुंडाळलेली असे. स्फोटात ती खाचांवर तुटे, आणि तुकडे जवळपास एकाच आकाराचे निघत. पुढे काही देशांनी प्लास्टिकच्या भिंतीत तयार पोलादी छर्रेच बसवले. यामागचा हिशेब सरळ आहे. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावतो, म्हणून जवळ घातक पण लांबवर निरुपद्रवी. फेकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. वजन उतरलं तसा पल्लाही वाढला: मिल्स बॉम्ब पाऊण किलोचा, तर आजचा अमेरिकी एम-67 सुमारे चारशे ग्रॅमचा.

भारतीय सैन्य मात्र मिल्सच्याच वंशातला ‘36 नंबर’ वापरत राहिलं. त्याच्या एका प्रकारापुढे लागणारा ‘एम’ मेसोपोटेमियाचा, कारण तिथली उष्ण, दमट हवा सोसावी म्हणून त्याला लाखेचा लेप दिला जाई. डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेने त्याला पर्याय म्हणून नवा बॉम्ब बनवला. त्याचे तुकडे आधीच सारखे घडवलेले असतात. वर कवच चढवलं तर तो बचावाचा, काढलं तर हल्ल्याचा. 24 ऑगस्ट 2021 रोजी नागपुरात या बॉम्बची पहिली खेप सैन्याच्या हवाली झाली. तो बनतो नागपूरच्याच एका खासगी कारखान्यात, आणि मागणी होती दहा लाखांची.

जुन्या मुंबई सैन्यातून आलेल्या आपल्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या बिल्ल्यावर मात्र आजही तोच आहे: ज्वाळा सोडणारा सतराव्या शतकातला गोल गोळा. त्याच्यावर खोबणी नाहीत.