फोटो उडाला, चट्टा अंगावरच आहे

मांडीवरच्या चट्ट्याचा फोटो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. तो एकदाच उघडणारा होता. त्यांनी गडबडीत उघडला आणि तो गेला. मूळ फोटो फोनमध्येही राहिला नव्हता. मग रुग्णाने लिहिलं, “मांडीवर लाल चट्टा आलाय, खूप खाज येते. काय लावू?”

या एका ओळीत किमान तीन वेगळे आजार बसतात. नायटा असेल, तर चट्ट्याची कड उंचावलेली, खवलेदार असते आणि मधला भाग बराचसा निवळलेला दिसतो. नाण्यासारखा गोल इसब असेल, तर तो सगळीकडे सारखाच भरलेला असतो आणि कधी पाणी सुटून वर खपली धरते. गांधी असेल, तर कोंडा नसतो आणि एका जागची गांधी साधारण चोवीस तासांत मावळून दुसरीकडे उठते. गोंधळ केवळ नावांचा असता तर चाललं असतं. पण इसबाला जे स्टिरॉइडचं मलम लावतात, तेच नायट्याला लावलं तर आजार चिघळतो.

म्हणून डॉक्टरांनी उलट प्रश्न विचारले, आणि रुग्णाने पट्टी घेऊन बसून पुन्हा लिहिलं: “उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ. तीन आठवडे झाले. आधी रुपयाच्या नाण्याएवढा होता, आता साडेसात सेंटिमीटर. माझा रंग सावळा आहे, त्यामुळे लालपेक्षा तपकिरी दिसतो. बोट फिरवलं तर एका बाजूची कड हाताला लागते, दुसरीकडची लागत नाही. घाम आला की खाज वाढते. ताप नाही, तोंडात फोड नाहीत, कुठलंही नवं औषध घेतलेलं नाही. दुकानातून आणलेलं मलम दहा दिवस लावतोय. लावलं की खाज थांबते, सोडलं की पुन्हा सुरू. भावालाही कमरेवर तसंच आहे.”

असं वर्णन मिळालं की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. जागा, वाढीचा वेग, घाम, घरातला दुसरा रुग्ण, सगळं नायट्याकडे बोट दाखवतं. पण मलमाच्या वाक्यापाशी थांबावं लागतं. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबतं, बुरशी मात्र आत पसरत राहते. नायट्याची ओळख असलेली कडच पुसट होते. म्हणजे रुग्णाने कितीही प्रामाणिकपणे लिहिलं, तरी तो ज्याचं वर्णन करतोय ते रूपच मलमाने बदललेलं असतं. स्पष्ट फोटो हाती असता तरी ही अडचण सुटली नसती.

त्यामुळे डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोलावलं. दुरून सल्ला देण्यासाठी भारतात 2020 साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांत मजकुरावरून सल्ला देण्याची मुभा आहे, पण तेवढ्यावर भागतं की रुग्णाला समोर तपासायला हवं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं आहे. इथे तपासणीशिवाय भागत नव्हतं.

दवाखान्यात त्यांनी आधी दुसरी जांघ, पार्श्वभाग, पायांची बोटं आणि नखं पाहिली. रुग्णाला पायाच्या बोटांमधलं पांढरट, सोललेलं कातडं कधी जाणवलंच नव्हतं. जे जाणवत नाही ते लिहिणार कसं? मग त्यांनी पात्याने चट्ट्याच्या कडेचा थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे लांब, फांद्या फुटलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. ते दिसले. खरवडायची जागाही हाताने चाचपूनच निवडावी लागते, कारण मध्यभागी बुरशी बहुधा सापडत नाही. चट्टा फिकट आणि खाजरहित असता, तर डॉक्टरांनी रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श कळतो का हेही पाहिलं असतं, कारण कुष्ठरोगाचा चट्टा बऱ्याचदा बधिर असतो.

काही पुरळांत मात्र लिहिण्यात वेळ घालवूच नये. पारदर्शक पेला दाबून धरल्यावरही लाल-जांभळे ठिपके फिके होत नसतील आणि सोबत ताप असेल, नवं औषध सुरू केल्यावर त्वचेवर फोड येऊन तोंड किंवा डोळे सोलवटले असतील, किंवा पुरळासोबत ओठ सुजून श्वास लागत असेल, तर थेट रुग्णालय गाठायचं.

या रुग्णाला डॉक्टरांनी मिश्र मलम बंद करून बुरशीनाशक दिलं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेली मुदत पुरी करायला बजावलं. टॉवेल वेगळा ठेवायचा, भावालाही तपासायला आणायचं. आणि जुनं मलम सुटल्यावर पहिले काही दिवस खाज नि लाली वाढू शकते, तेव्हा घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडायची नाही, हेही त्यांनी ती ट्यूब हातात घेऊन, तिच्यावरची नावं वाचून दाखवत सांगितलं.