प्लग शाबूत, पोर्ट गेलं

मे महिन्यातली संध्याकाळ, कोकणातलं एक घर. वळवाच्या पावसात मागच्या माडावर वीज कोसळते. दिवे क्षणभर मिणमिणतात, पंखा फिरतच राहतो. थोड्या वेळाने मुलं ओरडतात, गेम लागत नाही. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा विझलेला असतो, वायफाय मात्र मोबाइलवर दिसत असतं. प्लेस्टेशनही सुरू होतो, फक्त त्याला लॅन केबल जोडल्याचं कळत नाही.

दोन्ही यंत्रं चालू आणि दोघांची पोर्टं तेवढी मेलेली, याचा अर्थ दणका बहुधा प्लगातून आलेला नाही. केबलवाल्याची तांब्याची वायर दोन-तीन घरांच्या छपरांवरून येते. जवळ वीज पडली की तारेला स्पर्श न होताही तिच्यात हजारो व्होल्टचा दाब उमटतो. पोर्टामागच्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरकडून मानकानुसार १५०० व्होल्ट सोसण्याची अपेक्षा असते. त्यापलीकडे दाब गेला की तो राउटरमधून लॅन केबलने प्लेस्टेशनमध्ये, तिथून एचडीएमआय वायरीने टीव्हीत आणि डिशच्या केबलने बाहेर, अशी वाट काढू शकतो. वाटेतली नाजूक चिप जळते.

अशा वेळी स्टॅबिलायझर कामाचा नाही. त्याच्या रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात. हा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो. शिवाय तो दुसऱ्याच दाराने आलेला असतो.

स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर झटपट काम करतो, पण तो फक्त विजेच्या वायरीवर. त्याला चांगलं अर्थिंग लागतं, आणि प्रत्येक झटक्यागणिक तो झिजतो. लाइनचा न्यूट्रल तुटून २३० व्होल्टचे बराच वेळ साडेतीनशे झाले, तर तो स्वतःच जळतो. त्यासाठी मीटरजवळ जादा दाबाला पुरवठा तोडणारं उपकरण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावं. राउटरचा छोटा यूपीएस वीज गेल्यावर इंटरनेट चालू ठेवतो, विजेच्या कडकडाटावर तो उपाय नव्हे.

पोर्टांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे बाहेरून येणारं तांबं तोडणं. कनेक्शन फायबरचं घेतलं तर काचेतून दाब येत नाही. फक्त त्या केबलला आधाराची स्टीलची तार असेल तर ती घराबाहेरच संपवायला सांगावी. प्लेस्टेशन वायफायवर चालवला की राउटरशी त्याचा तारेचा संबंधच उरत नाही.

पोर्ट गेलंय की केबल, हे ओळखण्यासाठी दुसरी केबल लावून पाहावी. तरीही पोर्टाचा दिवा लागला नाही, तर पोर्ट गेलं. काही राउटरांत सेटिंग बदलून एखादं लॅन पोर्ट इंटरनेटसाठी वापरता येतं, तेव्हा राउटर फेकण्याआधी ते तपासावं.

आणि ढग गडगडू लागले की बटण बंद करून थांबू नये. बटण एकच तार तोडतं, तीही काही मिलिमीटरच्या फटीने. प्लग, लॅन केबल आणि डिशची केबल, तिन्ही उपसून ठेवा, पण वीज डोक्यावर येण्याआधी.