‘पोरं किती येणार?’

दिवाळी आटोपली की कॉलेजच्या आसपासच्या दुकानांत एक फेरी ठरलेली असते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तीन-चार मुलं दाराशी येतात. ‘काका, आमच्या डिपार्टमेंटचा फेस्ट आहे, स्पॉन्सरशिपसाठी आलोय.’ काका गिऱ्हाइकाचं बिल करता करता विचारतात, ‘पोरं किती येणार?’ मुलं उत्तर देण्याऐवजी मोबाइलवर पीपीटी उघडतात. पहिल्या पानावर दीपप्रज्वलन, दुसऱ्यावर संस्थेचा इतिहास, तिसऱ्यावर प्राचार्यांचा संदेश. पैशाचं पान अठरावं. तिथवर पोचायच्या आत दुसरं गिऱ्हाईक आलेलं असतं.

या पीपीटीला मुलं ‘डेक’ म्हणतात आणि तिचा साचा बहुतेक वेळा मोठ्या महोत्सवांकडून उचललेला असतो. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो 1971 पासून चालतो, तिथलाच टेकफेस्ट 1998 पासून. त्यांचे प्रायोजक देशभर माल विकणाऱ्या कंपन्या. तिथे प्रस्ताव वाचायला पगारी माणूस असतो आणि जाहिरातीचं बजेट वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं. तरुणांच्या नजरेसमोर आपलं नाव राहिलं, तरी त्यांचं काम भागतं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराचं तसं नाही. निर्णय त्याचाच, पैसाही त्याचाच आणि विचार करायला त्याच्याकडे दोन मिनिटं. त्याच्यासाठी पाच-सहा पानं पुरतात. ती व्हॉट्सॲपवर चटकन उघडायला हवीत, आणि अक्षर काकांना चष्मा न शोधता वाचता यायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आकड्यांच्या पानावर. ‘फुटफॉल 5000+’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. कॉलेजच्या दारात वीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला त्या डिपार्टमेंटमध्ये मुलं किती हे तोंडपाठ असतं, त्यामुळे हा आकडा वाचून तो फक्त हसतो. खरा आकडा काढणं अवघड नाही. मागच्या वर्षीची नोंदणीची यादी घ्यायची आणि मोबाइल नंबरनुसार दुबार नावं काढून टाकायची. एकच मुलगी कोडिंग, क्विझ आणि पोस्टर या तिन्ही स्पर्धांत उतरली, तर नोंदी तीन होतात, माणूस एकच. समजा, 420 नोंदींमधून 260 मुलं निघाली आणि त्यांतली 90 बाहेरच्या कॉलेजांची. मग पानावर 260 आणि 90 हेच लिहावं. बघ्यांचा अंदाज द्यायचाच तर तो अंदाज आहे असं सांगून वेगळा द्यावा.

हा आकडा लहान दिसतो म्हणून मुलं कचरतात. पण दुकानदाराला त्यातूनच कामाची माहिती मिळते. बाहेरची 90 मुलं दोन दिवसांनी आपापल्या गावी जाणार, म्हणजे मेसवाल्याला किंवा जिमवाल्याला त्यांचा उपयोग नाही. नाष्टा-चहावाल्याला मात्र तीच महत्त्वाची, कारण ती दोन दिवस बाहेरच खाणार. उरलेल्या 170 मध्ये होस्टेलवर आणि खोली घेऊन राहणारी किती, पहिल्या वर्षाची किती, हे एका ओळीत सांगता आलं, तर मेसवाला खुर्ची पुढे सरकवतो. एकच पीपीटी सगळ्या बाजारात फिरवण्यापेक्षा हे एक पान दुकानागणिक बदलावं.

आता चष्म्याच्या दुकानाचा हिशोब मांडून पाहू. मुलं ‘गोल्ड’ पॅकेजचे 10,000 रुपये मागतात. बदल्यात फ्लेक्सवर लोगो आणि स्टेजवरून नावाचा उल्लेख. फ्लेक्सवर आणखी चौदा लोगो असतात हे दुकानदाराला ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येक स्पर्धकाच्या ओळखपत्राच्या मागे 200 रुपये सवलतीचं कूपन छापायचं ठरलं, असं धरू. एका चष्म्यामागे दुकानदाराला साधारण 500 रुपये सुटत असतील, तर कूपनवर 300 उरतील. 10,000 वसूल व्हायला 34 चष्मे विकले जायला हवेत, म्हणजे 260 मुलांमध्ये जवळपास दर आठवं मूल. हे होणं कठीण, आणि दुकानदार हा हिशोब मनातल्या मनात करतोच. 5,000 मागितले तर 17 चष्मे पुरतात. कूपनची मुदत दोन महिने ठेवली आणि फेस्टच्या जागी मोफत डोळे तपासणीचा स्टॉल दिला, तर ते जमण्यासारखं आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या मुलांना तपासणी नकोशी होणार नाही.

म्हणून मला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर ही उतरंड छोट्या फेस्टला निरुपयोगी वाटते. गावातल्या मोबाइलवाल्याला ‘सिल्व्हर’ म्हणवून घेण्यात काय आनंद? विकायच्या वस्तू खऱ्याच असाव्यात: ओळखपत्राची मागची बाजू, प्रमाणपत्राचा कोपरा, बक्षिसाचं टेबल, दारालगतची स्टॉलची जागा. एकेक वस्तू एकेकालाच द्यावी, आणि दोन मेसवाल्यांना एकाच फेस्टमध्ये बसवू नये. पैशाऐवजी वस्तू देणाऱ्यालाही जागा ठेवावी. छापखान्याने 12,000 रुपयांचं फ्लेक्सचं काम फुकट केलं, तर बजेटमधला तेवढा खर्च वाचलाच. फक्त त्याच्या दराने धरलेली किंमत आणि आपल्याला एरवी पडली असती ती किंमत एकच आहे ना, हे पाहून घ्यावं.

शेवटचं पान पैसे कुठे आणि कसे द्यायचे याचं. इथे खजिनदार मुलाचा यूपीआय क्यूआर छापलेला दिसला की समजदार व्यापारी मागे सरतो. पैसे कॉलेजच्या खात्यात जावेत, धनादेश कोणत्या नावाने काढायचा ते लिहावं आणि पावतीवर विभागप्रमुखांची किंवा लेखा विभागाची सही असावी. दुकानदाराला हा खर्च जाहिरात म्हणून वहीत दाखवायचा असतो, तेव्हा पावतीवर ‘देणगी’ असं लिहून त्याची अडचण करू नये. रक्कम जीएसटी धरून आहे की सोडून, हेही कॉलेजच्या लेखा विभागाला आधी विचारून स्पष्ट लिहावं.

मोठा शोरूमवाला सामील झाला की आणखी एक गोष्ट घडते. समजा, 40,000 ठरले आणि खात्यात 39,200 आले. मुलं समजतात, आपल्याला 800 ला फसवलं. तसं नसतं. बॅनर लावून प्रसिद्धी मिळवण्यासाठी कॉलेजातल्या कार्यक्रमांना दिलेलं प्रायोजकत्व हे मूलतः जाहिरातीचंच काम आहे, असा खुलासा प्रत्यक्ष कर मंडळाने 1995 मध्येच आपल्या 715 क्रमांकाच्या परिपत्रकात केला. त्यामुळे ठरावीक रकमेपुढे कंपनीला टीडीएस कापावा लागतो. ते 800 कॉलेजच्या पॅनवर जमा होतात. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला ही भानगड सहसा लागू होत नाही. पण प्रस्तावात कॉलेजचा पॅन आधीच दिलेला असला, तर शोरूमच्या अकाउंटंटचा एक फोन वाचतो.

फेस्ट संपल्यावर बहुतेक मुलं या काकांकडे फिरकत नाहीत. पुढच्या वर्षी नवी समिती येते आणि काका म्हणतात, ‘मागच्या पोरांनी बॅनरचा फोटोसुद्धा पाठवला नाही.’ तेव्हा पीपीटी करतानाच तीत एक ओळ घाला: फेस्टनंतर पंधरा दिवसांत फोटो, प्रत्यक्ष आलेल्यांची संख्या आणि वाटलेली कूपनं यांचा एक पानी हिशोब आणून देऊ. त्याखाली अंतिम वर्षाच्या नको, पुढच्या वर्षीही कॉलेजात असणाऱ्या मुलाचं नाव लिहा.