लाल रेघ कुणाखाली?

संगणकावर इंग्रजी मेल लिहिताना `Toubro` टाइप करून पाहा. बऱ्याचदा त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते. आता `Turbo` टाइप करा. रेघ गायब! म्हणजे लार्सन अँड टुब्रोला नोकरीचा अर्ज पाठवताना तुम्ही नाव बरोबर लिहिलंत तर संगणक कुरकुरतो, आणि चक्क ‘लार्सन अँड टर्बो’ लिहिलंत तर खूश होतो. सोरेन टुब्रो हे डॅनिश इंजिनिअर. हेनिंग होल्क-लार्सन यांच्यासोबत त्यांनी 1938 साली मुंबईत ही कंपनी काढली. पण संगणकाच्या शब्दकोशाला या इतिहासाशी काय देणंघेणं? लाल रेघेचा अर्थ ‘हे चूक आहे’ असा नसतोच मुळी. तिचा अर्थ एवढाच, की ‘हा शब्द माझ्या यादीत नाही.’ आणि यादीत नसणारे शब्द म्हणजे बहुतेक करून माणसांची आणि कंपन्यांची नावं.

यादीत नसलेला शब्द दिसला की संगणक जवळचा शब्द शोधतो. हे ‘जवळ’ मोजायची युक्ती जुनी आहे. 1964 साली फ्रेडरिक डॅमेराऊ या संशोधकाला आढळलं, की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एखादं अक्षर गळतं, जास्तीचं घुसतं, बदलतं, किंवा शेजारशेजारची दोन अक्षरं जागा बदलतात. आता `Toubro` मधला पहिला `o` गाळा, उरलं `Tubro`. `b` आणि `r` यांची अदलाबदल करा, झालं `Turbo`! अवघ्या दोन पावलांवर यंत्राच्या ओळखीचा शब्द उभा आहे. मग ऑटोकरेक्टला मोह का होऊ नये?

हा मोह किती लांब जाऊ शकतो याचा एक प्रसिद्ध नमुना आहे. काही जुन्या स्पेलचेकरच्या यादीत सहकार्यासाठी `co-operation` एवढंच रूप होतं, मधल्या आडव्या रेघेसकट. कुणी रेघेविना `cooperation` लिहिलं की यंत्र सुचवायचं `Cupertino`, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका शहराचं नाव. लोक न बघता होकार द्यायचे. त्यामुळे संयुक्त राष्ट्रं आणि नाटोच्या कागदपत्रांतही सहकार्याच्या जागी हे शहर जाऊन बसलं. अशा चुकीला आज ‘क्युपर्टिनो इफेक्ट’ म्हणतात.

पण इतक्या डोळ्यांना ते दिसलं कसं नाही? कारण वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. एकेका जागी साधारण पाव सेकंद टेकतो आणि तेवढ्यात मोजकीच अक्षरं स्पष्ट पाहतो. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. मजकूर स्वतःचाच असेल तर अंदाज फारच पक्का असतो: काय लिहायचं होतं ते ठाऊक असतं, म्हणून तेच दिसतं.

म्हणून नाव वाचायचं नाही, अक्षरं मोजल्यासारखी तपासायची, तीही उलटीकडून. `Toubro` उलटं म्हणा: ओ, आर, बी, यू, ओ, टी. `Turbo` उलटं: ओ, बी... दुसऱ्याच अक्षराला चोर सापडला. उलट्या क्रमात शब्द उरत नाही, त्यामुळे मेंदूला अंदाज बांधता येत नाही. पडताळा मात्र कंपनीच्या स्वतःच्या कागदाशी किंवा समोरच्याच्या सहीशी घ्यायचा, स्मरणशक्तीशी नाही.

काही चुकांवर तर रेघ येण्याचा प्रश्नच नसतो. `Patil` मॅडमना `Patel` म्हटलं, तर दोन्ही आडनावं खरीच. यंत्र काय करणार? मागच्या महिन्याचा अर्ज कॉपी केला असेल, तर जुन्या कंपनीचं नाव तिसऱ्या परिच्छेदात निर्धास्त दडून बसतं. `Ctrl+F` दाबून ते जुनं नाव शोधा. ‘सापडलं नाही’ असं उत्तर आलं की जिंकलात. मात्र ते तेव्हा नीट लिहिलेलं होतं हे गृहीत धरू नका. शोधायला नावाचा एखादा तुकडाच पुरेसा असतो.

राहिला पत्ता. पहिली दोन अक्षरं टाइप करताच मेल ज्यांना आधी लिहिलंय अशांची नावं पुढे करतो, आणि त्यातलं वरचं नाव भलत्याच पाटलांचं असू शकतं. म्हणून `To` ची चौकट शेवटपर्यंत रिकामी ठेवायची. नाव भरल्यावर त्यावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडून पाहायचा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची सोय आहे, पण जास्तीत जास्त तीस सेकंद.

एक शेवटची गंमत. लाल रेघेवर उजवी टिचकी मारली की शब्द कोशात घालायचा पर्याय येतो. मोह होतो. पण त्याआधी एकदा उलटं वाचा. त्या क्षणी तुम्ही चुकून `Tuobro` घातलंत, तर यंत्र ती चूक यापुढे मुकाट्याने बरोबर मानेल. आणि रेघ? ती खऱ्या टुब्रोंच्याच नावाखाली येत राहील.