हिस्सा, भाव आणि फेरी : नव्या उद्योजकाने मांडायचे गणित

आपल्यापैकी बहुतेक घरांना वाटणीची भाषा चांगली ठाऊक आहे. वाड्याच्या किंवा शेताच्या वाटणीत एकूण मालमत्ता ठरलेली असते आणि एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा तेवढा कमी होतो. घरातला मुलगा किंवा मुलगी कंपनी काढते, बाहेरच्या माणसाकडून भांडवल घेते आणि सांगते, "वीस टक्के दिले." तेव्हा आपण तीच वाटणीची भाषा मनात धरून हिशेब करतो. इथेच पहिली गफलत होते. कंपनीत संस्थापकाच्या खिशातला एकही समभाग सहसा काढून घेतला जात नाही. कंपनी नवे समभाग निर्माण करून गुंतवणूकदाराला देते. संस्थापकाचे समभाग तेवढेच राहतात, पण एकूण आकडा वाढल्यामुळे त्यांचे प्रमाण घटते. हिस्सा पातळ होणे म्हणतात ते हेच. म्हणून पहिली सवय अशी लावावी, की टक्केवारीत बोलण्याआधी समभाग मोजावेत.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालू. समजा, वडोदऱ्यात दोन बहिणींनी औषधांच्या शीतगृहांतल्या तापमानावर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवली आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. प्रत्येकीकडे ३५,००० समभाग, म्हणजे एकूण ७०,०००, निम्मे-निम्मे. आता एक गुंतवणूकदार १ कोटी रुपये द्यायला तयार आहे आणि म्हणतो, "तुमच्या कंपनीची किंमत मी ४ कोटी धरतो."

या वाक्यात एक शब्द कमी आहे. ४ कोटी ही किंमत पैसे येण्याआधीची की आल्यानंतरची? आधीची असेल, म्हणजे प्री-मनी, तर १ कोटी आल्यावर कंपनी ५ कोटींची होते आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा पाचातला एक, २० टक्के. नंतरची असेल, म्हणजे पोस्ट-मनी, तर १ कोटी त्या ४ कोटींतच आला आणि हिस्सा चारातला एक, २५ टक्के. आकडा एकच, पण पाच टक्क्यांचा फरक. बोलणी तोंडी चालू असतानाच हा प्रश्न विचारावा आणि उत्तर टर्म शीटवर लिहून घ्यावे. टर्म शीट म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींचा मसुदा. त्यातल्या बहुतेक अटी कायद्याने बांधणाऱ्या नसतात, पण पुढचा करार त्यांवरच उभा राहतो आणि एकदा मान्य केलेले कलम मागे घेणे अवघड जाते.

आपल्या बहिणींनी विचारले आणि उत्तर मिळाले, "प्री-मनी." त्या खूश झाल्या. ४ कोटी भागिले ७०,००० म्हणजे समभागाचा भाव सुमारे ५७१ रुपये. १ कोटीला १७,५०० नवे समभाग, एकूण ८७,५००. प्रत्येकीचा हिस्सा ५० वरून ४० टक्क्यांवर येणार. पण टर्म शीटमध्ये खाली एक साधे दिसणारे वाक्य होते : गुंतवणुकीनंतरच्या एकूण भांडवलाच्या १० टक्के इतका कर्मचारी समभागांचा राखीव साठा असावा आणि तो प्री-मनी मूल्यांकनात धरावा.

हा राखीव साठा, ज्याला ईसॉप पूल म्हणतात, मुळात वाजवी असतो. पगार कमी देऊ शकणाऱ्या कंपनीला चांगला अभियंता टिकवायचा तर पुढे समभाग घेण्याचा हक्क द्यावा लागतो. प्रश्न आहे तो साठा कोणाच्या हिश्श्यातून निघतो याचा. आता पुन्हा मोजू. गुंतवणूकदाराला २० टक्के, साठ्याला १० टक्के, म्हणजे बहिणींना मिळून ७० टक्के. त्यांचे समभाग ७०,००० असल्याने एकूण आकडा १ लाख. त्यात गुंतवणूकदाराचे २०,००० आणि साठ्याचे १०,०००. १ कोटीला २०,००० समभाग म्हणजे भाव ५०० रुपये. ५७१ चा भाव ५०० वर आला, प्रत्येकीचा हिस्सा ४० ऐवजी ३५ टक्के झाला आणि गुंतवणूकदाराच्या २० टक्क्यांना धक्काही लागला नाही. साठ्याचा सगळा भार दोघी बहिणींवर पडला. त्यांच्या ७०,००० समभागांची किंमत या भावाने ३.५ कोटी होते. म्हणजे कागदावर ४ कोटी लिहिले असले, तरी त्यांच्या आजवरच्या कामाला मिळालेली खरी किंमत ३.५ कोटीच आहे.

यावर उपाय भांडण नव्हे, यादी. पुढच्या फेरीपर्यंतच्या वर्ष-दीड वर्षात नेमकी कोणती माणसे घ्यायची आणि प्रत्येकाला किती समभाग लागतील, हे लिहून काढावे. बेरीज ६ टक्के आली तर ६ टक्क्यांचाच साठा मागावा. "प्रथा आहे म्हणून १०" या म्हणण्यापुढे अशी यादी टिकते. साठा गुंतवणुकीनंतर सगळ्यांच्या हिश्श्यातून काढा, असेही सुचवता येते. ते मान्य झाले नाही, तरी निदान भावाची बोलणी ३.५ कोटींचा आकडा समोर ठेवून होतील. दोन गुंतवणूकदारांचे प्रस्ताव हाती असले, तर मथळ्यातल्या मूल्यांकनाची तुलना करू नये. दोन्हीकडे साठा धरून समभागाचा भाव काढावा आणि त्या भावांची तुलना करावी.

आता दोन वर्षे पुढे जाऊ. धंदा वाढला आणि दुसऱ्या फेरीत नवा गुंतवणूकदार १६ कोटी प्री-मनीवर ४ कोटी देतो. समभाग १ लाख, म्हणून भाव १,६०० रुपये, नवे समभाग २५,०००, एकूण १,२५,०००. सोपेपणासाठी साठा वाढवला नाही असे धरू. प्रत्येक बहिणीचा हिस्सा ३५ वरून २८ टक्क्यांवर आला. घरात कोणी म्हणेल, पोरींची कंपनी हातची चालली. पण पहिल्या फेरीनंतर प्रत्येकीच्या ३५,००० समभागांची किंमत १ कोटी ७५ लाख होती. आता ती ५ कोटी ६० लाख आहे. भाव वाढत असेल तर टक्का घटणे हे नुकसान नव्हे. अर्थात ही किंमत कागदावरची. कोणी ते समभाग विकत घेईपर्यंत त्यातून घराचा हप्ता फिटत नाही.

टक्क्याकडे बघायचे ते दुसऱ्या कारणासाठी, मतांसाठी. कंपनी कायद्याप्रमाणे साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी मंजूर होतो. विशेष ठरावाला मात्र पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने लागतात. कंपनीची नियमावली बदलणे किंवा बाहेरच्याला नवे समभाग देणे यांसाठी विशेष ठराव लागतो. दुसऱ्या फेरीनंतर दोघींकडे मिळून ५६ टक्के आहेत. तिसऱ्या फेरीत आणखी २० टक्के दिले, तर ४४.८ उरतील. म्हणजे साधे बहुमतही त्यांच्याकडे राहणार नाही. शिवाय करारात गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय करता न येणाऱ्या गोष्टींची यादी असते. तिच्यामुळे नियंत्रण टक्क्यांच्या आधीही सुटू शकते. म्हणून ती यादी मूल्यांकनाइतक्याच बारकाईने वाचावी.

शेवटी, भाव चढला नाही तर काय? आपल्याकडे अशा गुंतवणुकीसाठी बहुधा सक्तीने रूपांतर होणारे अग्रहक्क समभाग वापरतात, ज्यांना सीसीपीएस म्हणतात. ते पुढे साध्या समभागांत बदलतात आणि किती समभागांत बदलायचे हे सूत्र करारात असते. पुढची फेरी कमी भावात झाली, तर हे सूत्र पहिल्या गुंतवणूकदाराच्या बाजूने झुकते. समजा, धंदा अडखळला आणि दुसऱ्या फेरीत भाव मिळाला ३०० रुपये, रक्कम १ कोटी, म्हणजे ३३,३३३ नवे समभाग. संरक्षणाचे कलमच नसते, तर बहिणींचा एकत्र हिस्सा ५२.५ टक्के उरला असता.

कलम पूर्ण रॅचेट प्रकारचे असेल, तर पहिल्या गुंतवणूकदाराने जणू ३०० नेच घेतले असे धरतात. त्याच्या १ कोटीला २०,००० ऐवजी ३३,३३३ समभाग मिळतात आणि बहिणींचा हिस्सा ४७.७ टक्क्यांवर येतो. नव्या गुंतवणूकदाराने दोन समभाग कमी भावात घेतले काय नि दोन लाख घेतले काय, या कलमाला फरक पडत नाही. दुसरा प्रकार भारित सरासरीचा. त्यात कमी भावात किती समभाग निघाले हे धरतात. आधीचे १ लाख समभाग घ्यायचे. नवे १ कोटी जुन्या ५०० च्या भावाने आले असते तर २०,००० समभाग निघाले असते, म्हणून बेरीज १,२०,०००. प्रत्यक्षात निघाले ३३,३३३, म्हणून दुसरी बेरीज १,३३,३३३. पहिलीला दुसरीने भागून ५०० ने गुणले की नवा भाव ४५० येतो. त्याला २२,२२२ समभाग मिळतात आणि बहिणींकडे ५१.६ टक्के राहतात. एका शब्दाच्या फरकाने बहुमत टिकते किंवा जाते. भारित सरासरी हीच सर्वसाधारण रीत आहे. मसुद्यात पूर्ण रॅचेट दिसले, तर तिथे थांबून ते बदलून मागावे.

म्हणून सही करण्याआधी एक तक्ता स्वतःच्या हाताने मांडावा. त्याला कॅप टेबल म्हणतात. आडव्या ओळीत प्रत्येक भागधारक आणि राखीव साठा, उभ्या रकान्यांत आज, या फेरीनंतर, चांगल्या पुढच्या फेरीनंतर आणि वाईट पुढच्या फेरीनंतर. प्रत्येक रकान्यात आधी समभाग, मग टक्के. बेरीज शंभर येत नसेल, तर बहुधा साठा किंवा रूपांतराचे कलम विसरले गेले आहे. हा तक्ता वकिलाला आणि सनदी लेखापालाला दाखवावा. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, विशेष ठराव, पैशांसाठी वेगळे बँक खाते आणि पैसे आल्यापासून ६० दिवसांत समभागवाटप ही कामे ते करून देतील. परंतु पाच टक्के कुठे गेले हे त्यांनी सांगण्याआधी संस्थापकाला कळलेले असावे, कारण टर्म शीटवर सही त्याची असते.