जाहिरात पाहून फोन आला, तर…

फोन उचलताच दुकानाचं आणि स्वतःचं नाव सांगा. पैठणीबद्दल विचारलं असेल, तर आधी भाव आणि शिल्लक रंग सांगा. ‘आमची जाहिरात कुठे पाहिलीत?’ हे त्यानंतर. सुरुवातीलाच विचारलं, तर गिऱ्हाइकाला उलटतपासणी वाटते. ‘पेपरात’ एवढ्यावर थांबू नका. पेपरात छापलेली जाहिरात, की आत घातलेलं पत्रक, तेही विचारा. एखाद्या ताई म्हणाल्या, ‘मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली’, तर वहीत तसंच लिहा. फोन ठेवताच तारीख, नाव, नंबर, हवी असलेली वस्तू आणि स्रोत नोंदवा. संध्याकाळी आठवून लिहिताना गफलत होते. गिऱ्हाइकाला आठवत नसेल, तर ‘माहीत नाही’ लिहा. अंदाजाने ‘फेसबुक’ भरलंत, तर पुढच्या महिन्याचे जाहिरातीचे पैसे चुकीच्या जागी जातील.