चिठ्ठी हरवली तर कळणार कसं? सात मुलांच्या साखळीतून समजणारं नेटवर्क

आपल्या घरातली मुलं मोबाईलवर फोटो पाठवतात, पण तो फोटो पलीकडे पोचतो कसा, हे विचारलं तर "नेटवरून" एवढंच उत्तर मिळतं. आठवी-नववीच्या कॉम्प्युटरच्या तासाला हे उत्तर सात मुलं आणि काही चिठ्ठ्या घेऊन शिकवता येतं. त्यासाठी ना कॉम्प्युटर लागतो ना वीज. न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातून सुरू झालेल्या 'सीएस अनप्लग्ड' या उपक्रमात असेच खेळ आहेत. आम्ही इथे तो आपल्या भंडारा जिल्ह्याच्या नकाशावर बसवून सांगतो.

सात मुलं म्हणजे आपले सात तालुके. तुमसर, मोहाडी आणि भंडारा एका ओळीत. भंडाऱ्यापासून दोन वाटा फुटतात. एक पवनीवरून लाखांदूरला जाते, दुसरी लाखनी आणि साकोलीवरून लाखांदूरलाच. प्रत्येक मुलाने फक्त शेजाऱ्यालाच चिठ्ठी द्यायची, आणि एका टाळीला एकच टप्पा.

तुमसरला लाखांदूरकडे निरोप पाठवायचा आहे: "ईदच्या दिवशी परीक्षा होणार नाही". हा निरोप कानात सांगू नका. कानगोष्टीच्या खेळात मधली मुलं शब्द बदलतात आणि वर्गाला वाटतं, नेटवर्कही तसंच बिघडवतं. मधलं यंत्र, म्हणजे राउटर, मजकुराचा अर्थ लावत बसत नाही. ते फक्त पत्ता बघतं आणि पुढे ढकलतं. म्हणून पाच शब्दांच्या पाच चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर बाहेरून तीन गोष्टी लिहा: कुणाकडून, कुणाला आणि कितवी. शब्द आत घडी करून. अशा एका चिठ्ठीला पॅकेट म्हणतात.

आता भंडाऱ्याच्या मुलाने एक चिठ्ठी लाखनीकडे, पुढची पवनीकडे अशा आलटून पालटून द्याव्यात. साकोलीच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, जरा सावकाश दे, गर्दी आहे समज. मग दुसरी चिठ्ठी पहिलीच्या आधी पोचेल. लाखांदूरकडे शब्द उलटसुलट येतील, पण क्रमांक असल्यामुळे तो नीट लावून घेईल. मध्येच पवनीला खाली बसवा, म्हणजे ती वाट बंद. तरी निरोप अडत नाही, सगळ्या चिठ्ठ्या साकोलीवरून जातात.

खरी गंमत पुढे आहे. शिक्षकांनी गुपचूप तिसरी चिठ्ठी खिशात टाकावी. लाखांदूरकडे दुसरी आणि चौथी आहे, तिसरी नाही, म्हणजे काहीतरी हरवलं हे त्याला लगेच कळतं. पुढच्या फेरीत मात्र पाचवी लपवा. लाखांदूर वाचतो, "ईदच्या दिवशी परीक्षा होणार". वाक्य पूर्ण दिसतं, क्रमांकही सलग आहेत, आणि अर्थ मात्र अगदी उलटा! घेणाऱ्याला चूक कळण्याचा काही मार्गच नाही.

म्हणून पोच लागते. प्रत्येक चिठ्ठी मिळाली की लाखांदूरने "इतक्यापर्यंत मिळाल्या" अशी चिठ्ठी तुमसरला परत पाठवायची. पाचवीची पोच आली नाही, की तुमसर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो. म्हणजे शेवटची चिठ्ठी हरवली हे पाठवणाऱ्याला कळतं, तेही पोच न आल्यामुळे. इंटरनेटवर हे काम टीसीपी नावाचे नियम करतात.

पण थांबायचं किती? लांबच्या वाटेने जायला पाच टाळ्या, यायला पाच, म्हणजे दहा. त्यात साकोलीचा उशीर धरून पंधरा टाळ्या थांबा. सातच टाळ्या थांबलात तर पोच वाटेत असतानाच दुसरी प्रत निघेल आणि साकोलीची गर्दी आणखी वाढेल. एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या आल्या तर लाखांदूरने एक फेकून द्यायची. पोच स्वतःच हरवली तरी असंच होतं, आणि निरोप बिघडत नाही.

या खेळाची मर्यादाही मुलांना सांगावी. खरं पॅकेट एका शब्दाचं नसतं, साधारण 1500 बाइटपर्यंतचं असतं. तीन एमबीच्या एका फोटोची सुमारे दोन हजार पॅकेटं होतात. आणि सगळ्याच ठिकाणी हरवलेलं परत मागवत नाहीत. व्हिडिओ कॉलमध्ये उशिरा आलेला शब्द काय कामाचा? तिथे बहुधा तो सोडून देऊन पुढे जातात, म्हणून आवाज तुटतो.

शेवटी एक प्रश्न वर्गाला विचारा: मधल्या मुलाने घडी उघडून वाचली तर? साध्या चिठ्ठीत त्याला कुणी अडवू शकत नाही. म्हणून तुमसर आणि लाखांदूर या दोघांनाच माहीत असलेल्या सांकेतिक अक्षरांत शब्द लिहावा लागतो. पत्ता मात्र उघडाच ठेवावा लागतो, नाहीतर चिठ्ठी पुढे जाणार कुठे?

घरी सात जण नसले तरी चालेल. चार जणांत दोन वाटा होतात. मुलांना एकदा शेवटची चिठ्ठी लपवून दाखवा आणि विचारा, हरवली हे आधी कुणाला कळेल?